वटाव दरापासून खऱ्या परताव्यापर्यंत: ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचे गणित

मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या ट्रेझरी विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात दोन आकडे शेजारीशेजारी येण्याची शक्यता असते. एक आकडा भारत सरकारच्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा असतो आणि दुसरा तेवढ्याच मुदतीच्या अमेरिकन बिलाचा. समजा, भारतीय बिलापुढे ५.३० टक्के आणि अमेरिकन बिलापुढे ५.२० टक्के असे लिहिलेले आहे. हे दर आजचे नव्हेत, केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की भारतीय बिल दहा बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.१० टक्क्याने, सरस आहे. प्रत्यक्षात या उदाहरणात अमेरिकन बिल चार बेसिस पॉइंटने सरस आहे, कारण ते दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. रुपया आणि डॉलर यांच्या विनिमय दराचा प्रश्न तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवून, केवळ मोजमापाचा हा फरक कसा दूर करायचा, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी आकडा कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे

ट्रेझरी बिलावर व्याजाचे हप्ते मिळत नाहीत. ते दर्शनी किमतीपेक्षा कमी पैशांत विकत घ्यायचे आणि मुदत संपली की पूर्ण दर्शनी रक्कम घ्यायची, एवढाच व्यवहार असतो. मधला फरक हीच कमाई. ही कमाई टक्क्यांत सांगायची म्हटली की दोन प्रश्न उभे राहतात: ती कोणत्या रकमेवर मोजायची, आणि वर्ष किती दिवसांचे धरायचे?

रिझर्व्ह बँकेच्या लिलावात बोली शंभर रुपये दर्शनी मूल्यामागील किमतीत लावली जाते, आणि निकालात कट-ऑफ किमतीबरोबर त्या किमतीला पडणारा परतावाही दिलेला असतो. तो परतावा गुंतवलेल्या रकमेवर आणि ३६५ दिवसांच्या वर्षावर मोजलेला असतो. त्यामुळे भारतीय बिलाचा जाहीर झालेला परतावा हा स्वभावतःच बाँड-समतुल्य परतावा, म्हणजे बाँड इक्विव्हॅलंट यील्ड, असतो. त्याचे पुन्हा रूपांतर करण्याची गरज नाही. ही गोष्ट ठळकपणे सांगावी लागते, कारण नवा माणूस सूत्र शिकला की उत्साहाच्या भरात भारतीय आकड्यालाही ते लावतो आणि एकदा बदललेला आकडा दुसऱ्यांदा फुगवतो.

अमेरिकेत १९२९ पासून विकली जाणारी ट्रेझरी बिले मात्र बाजारात वटाव दराने, म्हणजे बँक डिस्काउंट यील्डने, बोलली जातात. आपल्याकडच्या जुन्या पेढीवर हुंडी वटवली जायची ती पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हा दर चटकन समजेल. पेढीवाला हुंडीवर लिहिलेल्या रकमेवरच वटाव काढायचा आणि तो कापून उरलेले पैसे हातावर ठेवायचा. गिऱ्हाइकाच्या हाती प्रत्यक्ष किती पडले, याच्याशी टक्क्याचा हिशेब जोडलेला नसायचा. वटाव दरही तसाच दर्शनी रकमेवर मोजला जातो, आणि त्यात वर्ष ३६० दिवसांचे धरतात. गणकयंत्रे नव्हती त्या काळात याची मोठी सोय होती, कारण दर, दिवस आणि दर्शनी रक्कम यांचा गुणाकार केला की कापायची रक्कम लगेच मिळे. सोय टिकली, आणि तिच्याबरोबर हा तिरकस आकडाही टिकला.

अमेरिकन लिलावाच्या निकालात `High Rate` हा वटाव दर असतो आणि `Investment Rate` हा बाँड-समतुल्य परतावा असतो. दोन्ही समोर असतील तर अर्धे काम झालेलेच असते. पण दुय्यम बाजारातल्या दलालाने संदेशात नुसता एक दर पाठवला, तर तो कोणता आहे हे विचारून घ्यावे. गृहीत धरू नये.

दिवस मोजणे

दिवस सौदा ठरला त्या तारखेपासून मोजायचे नसून ज्या तारखेला पैसे चुकते होतात त्या तारखेपासून मुदतपूर्तीच्या तारखेपर्यंत मोजायचे असतात. पहिली तारीख धरायची नाही, शेवटची धरायची. सरळ सांगायचे तर एका तारखेतून दुसरी वजा करायची. नव्या बिलाला तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस असतात, परंतु दुय्यम बाजारात घेतलेल्या बिलाला ६३ किंवा ४७ असे कितीही दिवस उरलेले असू शकतात, आणि त्या बिलाला सवयीने ९१ टाकले की पुढचे सारे गणित निरर्थक होते. आपल्या उदाहरणात पूर्ण ९१ दिवस आहेत.

वटाव दरावरून किंमत काढावी

वटाव दरावरून थेट परतावा देणारे एक आटोपशीर सूत्र आहे, आणि ते पुढे येईलच. तरीही नवशिक्याने आधी किंमत काढावी असा माझा आग्रह आहे, कारण किंमत ही प्रत्यक्ष द्यायची रक्कम असते आणि तिची पडताळणी करारपत्रावरून करता येते.

दहा लाख डॉलर दर्शनी रकमेचे बिल घेऊ. वटाव दर ५.२० टक्के. दहा लाखांवर ५.२० टक्के म्हणजे ५२,००० डॉलर. ही ३६० दिवसांच्या वर्षाची रक्कम झाली. तिला ९१ ने गुणून ३६० ने भागले की १३,१४४.४४ डॉलर येतात. हा वटाव दहा लाखांतून वजा केला की आज द्यायची रक्कम ९,८६,८५५.५६ डॉलर येते, म्हणजेच शंभरामागे ९८.६८५५५६.

ही किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत आणून ९८.६९ करण्याचा मोह टाळावा. ९८.६९ धरून पुढचे गणित केले तर बाँड-समतुल्य परतावा ५.३२४ टक्के येतो, आणि खरा आकडा, आपण आता पाहणारच आहोत, ५.३४२ आहे. जिथे दोन बिलांमधला फरकच चार बेसिस पॉइंटचा आहे, तिथे जवळपास दोन बेसिस पॉइंट केवळ आकडा गोल करण्यात घालवणे परवडत नाही.

बाँड-समतुल्य परतावा

आता कमाई त्या रकमेवर मोजायची जी खिशातून प्रत्यक्ष गेली. १३,१४४.४४ ला ९,८६,८५५.५६ ने भागले की ०.०१३३१९५ येते, म्हणजे ९१ दिवसांत १.३३१९५ टक्के. हा आकडा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात वर्षाविषयीचे कोणतेही गृहीतक मिसळलेले नाही. त्याला वर्षाच्या मापात आणण्यासाठी ३६५ ने गुणून ९१ ने भागले की ५.३४२ टक्के मिळतात.

५.२० चे ५.३४२ कशामुळे झाले, हे सुटे करून पाहिले तर सूत्र पाठ करावे लागत नाही. पहिला बदल वर्षाचा. ३६० दिवसांत मिळणारे ५.२० टक्के ३६५ दिवसांसाठी ५.२७२ होतात. दुसरा बदल पायाचा. दर्शनी रकमेऐवजी दिलेल्या रकमेवर मोजायचे म्हणून ५.२७२ ला ०.९८६८५६ ने भागायचे, आणि ५.३४२ येतात. दोन्ही बदल आकडा वरच नेतात, त्यामुळे बाँड-समतुल्य परतावा वटाव दरापेक्षा कमी निघाला तर कुठेतरी नक्की चूक आहे असे समजावे. दर जितका चढा आणि मुदत जितकी लांब, तितकी किंमत खाली जाते आणि दुसऱ्या बदलाचा परिणाम मोठा होत जातो. म्हणूनच ‘वटाव दरात चौदा बेसिस पॉइंट मिळवा म्हणजे झाले’ असा ठोकताळा एका बिलासाठी बरोबर निघतो आणि पुढच्याच बिलाला फसतो.

हे दोन्ही बदल एकत्र केले की वर उल्लेख केलेले थेट सूत्र मिळते. त्यात BEY हा बाँड-समतुल्य परतावा, d हा दशांशात लिहिलेला वटाव दर आणि t हे दिवस आहेत:

```
BEY = 365*d / (360 - d*t)
    = 365*0.052 / (360 - 0.052*91)
    = 18.98 / 355.268
    = 0.05342
```

किमतीच्या वाटेने आलेले उत्तर आणि या सूत्राचे उत्तर जुळले, म्हणजे दिवस आणि दर बरोबर भरले गेले आहेत अशी खात्री होते.

आता सुरुवातीचे भारतीय बिल शेजारी ठेवू. ५.३० टक्के परताव्याला ९१ दिवसांच्या भारतीय बिलाची किंमत शंभरामागे ९८.६९५९ पडते. अमेरिकन बिलाची किंमत ९८.६८५६ आहे. दोन्ही बिले ९१ दिवसांनी शंभरच देणार आहेत, मग जे स्वस्त मिळते आहे तेच जास्त कमावून देणार.

ही किमतींची तुलना मला एका फजितीतून शिकायला मिळाली. नरिमन पॉइंटच्या एका कचेरीत मी नवा असताना अशाच दोन बिलांचा तक्ता करून वरिष्ठ मॅडमपुढे ठेवला होता. त्या दिवशीचे आकडे वेगळे होते, पण चूक समजण्यासाठी आपल्या उदाहरणातले आकडे पुरेसे आहेत. मी स्प्रेडशीटमधले `TBILLYIELD` हे फंक्शन वापरले होते. नावावरून ते बिलाचा परतावा देणारच असे मला वाटले, आणि ते देतेही. ते दिलेल्या किमतीवरच मोजते, मात्र वर्ष ३६० दिवसांचेच ठेवते. आपल्या बिलासाठी त्याचे उत्तर ५.२६९ टक्के येते. हा आकडा वटाव दरापेक्षा मोठा असल्यामुळे रूपांतर झाले असा भास होतो, आणि ५.३० पेक्षा लहान असल्यामुळे भारतीय बिल सरस दिसते. मॅडमनी तक्ता नीट पाहिलाही नाही. ‘‘दोन्हींच्या किमती सांगा,’’ एवढेच त्या म्हणाल्या. किमती वाचून दाखवताना दुसऱ्याच आकड्यावर माझा आवाज उतरला. बाँड-समतुल्य परतावा हवा असेल तर फंक्शन `TBILLEQ` आहे, आणि त्याला किंमत न देता वटाव दर द्यायचा असतो. माझा स्वतःचा कल मात्र उघडी सूत्रे लिहिण्याकडे आहे, कारण त्यात ३६० आणि ३६५ डोळ्यांना दिसतात:

```
B1: 0.052
B2: 91
B3: =100*(1-B1*B2/360)
B4: =(100-B3)/B3*365/B2
B5: =(100/B3)^(365/B2)-1
```

वर्षाबद्दल एक बारकावा इथेच सांगतो. अमेरिकन सरकार आपला `Investment Rate` काढताना, बिल जारी झाल्यापासूनच्या पुढील एका वर्षात २९ फेब्रुवारी येत असेल तर ३६५ ऐवजी ३६६ धरते. आपले उत्तर जाहीर आकड्याशी जेमतेम एक-दीड बेसिस पॉइंटने जुळत नसेल, तर चूक शोधत बसण्याआधी दिनदर्शिका पाहावी.

प्रभावी वार्षिक परतावा

वरच्या तक्त्यातली शेवटची ओळ प्रभावी वार्षिक परताव्याची, म्हणजे इफेक्टिव्ह ॲन्युअल यील्डची आहे. बाँड-समतुल्य परतावा ९१ दिवसांच्या कमाईला नुसते गुणून वर्षभराची करतो, व्याजावरचे व्याज त्यात नसते. प्रभावी परतावा असे विचारतो की मुदत संपल्यावर हाती आलेले सगळे पैसे, कमाईसह, पुन्हा त्याच दराच्या बिलात घातले आणि वर्षभर असेच करत राहिले तर शेवटी किती होतील? एका बिलात एक रुपयाचे, किंवा डॉलरचे, १.०१३३१९५ होतात. ३६५ दिवसांत अशी ४.०१०९८९ बिले बसतात, म्हणून त्या संख्येचा तेवढा घात करायचा आणि एक वजा करायचा. उत्तर ५.४५१ टक्के. भारतीय बिलासाठी हेच केले तर ५.४०६ टक्के येतात.

साध्या गणकयंत्रावर अपूर्णांकाचा घात होत नाही म्हणून काही जण ४.०१०९८९ ऐवजी सरळ ४ घेतात. ९१ दिवसांना त्याने फार बिघडत नाही, पण ४७ दिवस उरलेल्या बिलाला ३६५ भागिले ४७ म्हणजे ७.७६६ येतात, आणि त्याचे ८ करणे मुळीच चालणार नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे घाताच्या सूत्रात थेट वटाव दर घालणे, म्हणजे ५.२० ला चारने भागून १.०१३ चा चौथा घात करणे. त्यात पायाही चुकीचा असतो आणि वर्षही. सुरुवात नेहमी किमतीपासूनच करावी.

पण तुलनेसाठी यातला कोणता आकडा वापरायचा? दोन ९१ दिवसांच्या बिलांमध्ये निवड करायची असेल तर बाँड-समतुल्य परतावा पुरेसा आहे, कारण दोन्हीकडे मुदत तीच असल्याने क्रम बदलत नाही. मुदती वेगवेगळ्या असतील तर प्रभावी परतावा घ्यावा. बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना असेल तर थोडे थांबून पाहावे. आपल्याकडे बँका ठेवीवर सहसा तिमाही चक्रवाढ देतात, त्यामुळे एक वर्षाच्या ठेवीच्या फलकावर लिहिलेल्या ५.३० टक्क्यांचे वर्षाअखेर ५.४०६ टक्के होतात. वरच्या भारतीय बिलाचा प्रभावी परतावाही तेवढाच आहे, आणि हा योगायोग नव्हे, कारण ९१ दिवसांचे बिल आणि तिमाही चक्रवाढ यांची लय जवळजवळ एकच आहे. म्हणून ९१ दिवसांच्या बिलाचा बाँड-समतुल्य परतावा ठेवीच्या फलकावरील दराशी सरळ ताडून पाहता येतो, परंतु बिलाचा प्रभावी परतावा फलकावरील दराशी ताडला तर बिलाला जवळपास अकरा बेसिस पॉइंटची फुकटची बढती मिळते. ठेवीचा दर वर्षभरासाठी बांधलेला असतो आणि बिलाचा ९१ दिवसांपुरताच, हा फरक मात्र कोणत्याही सूत्रात उतरत नाही. प्रभावी परताव्यातली पुढची तीन बिले त्याच दराने मिळतील, हे केवळ गृहीतक आहे.

१८२ दिवसांच्या पुढे

सहा महिन्यांपर्यंतच्या बिलांना वरचे सारे लागू पडते. त्याहून लांब मुदतीच्या अमेरिकन बिलांना, म्हणजे व्यवहारात ५२ आठवड्यांच्या बिलाला, नवा माणूस हमखास अडखळतो. सरकारी बाँड दर सहा महिन्यांनी व्याज देतो आणि त्या व्याजावर पुढचे सहा महिने कमाई होते. बिल मध्ये काहीच देत नाही. म्हणून सहा महिन्यांपेक्षा लांब बिलाचा `Investment Rate` काढताना अमेरिकन सरकार सहामाही चक्रवाढ धरते, आणि त्यासाठी वर्गसमीकरण सोडवावे लागते. P ही शंभरामागची किंमत, t दिवस, y वर्षाचे दिवस आणि i हा निघणारा परतावा:

```
a = t/(2*y) - 0.25
b = t/y
c = (P-100)/P
i = (-b + sqrt(b^2 - 4*a*c)) / (2*a)
```

वटाव दर ५.०० टक्के आणि मुदत ३६४ दिवस घेतली तर किंमत ९४.९४४४४४ येते. आपले नेहमीचे साधे सूत्र त्यावर ५.३३९ टक्के देते, तर वर्गसमीकरण ५.२७० टक्के. सात बेसिस पॉइंटचा हा फरक पाहून आपले गणित चुकले असे वाटते, पण ते चुकलेले नसते. भारतीय ३६४ दिवसांच्या बिलाचा परतावा साध्या सूत्रानेच काढलेला असतो, म्हणून त्याच्या शेजारी ५.३३९ ठेवावे लागतात. सहामाही व्याज देणाऱ्या अमेरिकन बाँडच्या शेजारी मात्र ५.२७० च शोभतात. प्रभावी वार्षिक परतावा कोणत्याही वाटेने काढला तरी ५.३४० टक्केच येतो, कारण तो फक्त किंमत आणि दिवस पाहतो.